खंड कोणाच्या बाजूने मोजायचा? एका गावातील तीन जमिनींचा हिशेब

प्रश्न: "सर, पुस्तकात एका प्रकरणात जमिनीचा सगळा मोबदला हा खंडच असतो असे दिले आहे आणि पुढच्या प्रकरणात बदली उत्पन्न वजा जाता उरते तेवढाच खंड असे दिले आहे. रिकार्डो या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाच्या मते सीमांत जमिनीला खंड नसतो, पण आमच्या गावात माळाच्या जमिनीलाही खंड मोजावा लागतो. यातले खरे काय धरायचे? आणि खंडामुळे मालाची किंमत वाढते की वाढत नाही?"

उत्तर:

ही विधाने एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटते, कारण प्रत्येक विधान वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असते आणि तो प्रश्न पुस्तकात बहुधा लिहिलेला नसतो. प्रश्न असा असतो की जमिनीचा पुरवठा कोणाच्या दृष्टीने स्थिर आहे? साऱ्या समाजाच्या दृष्टीने की एखाद्या पिकाच्या दृष्टीने? हे एकदा ठरवले की उरलेला भाग साध्या वजाबाकीचा आहे. मी कोल्हापुरात बरीच वर्षे अर्थशास्त्र शिकवत आलो आहे आणि घरची थोडी ऊसशेतीही आहे, म्हणून उसाचेच उदाहरण घेतो. मात्र त्याआधी दोन संज्ञा पक्क्या करून घेऊ.

एखादा उत्पादन घटक आज ज्या कामात आहे त्याच कामात टिकून राहावा यासाठी त्याला जे कमीत कमी मिळालेच पाहिजे, ते त्याचे बदली उत्पन्न होय. काही पुस्तकांत त्यालाच स्थानांतरण उत्पन्न म्हटले आहे. व्यवहारात ही रक्कम म्हणजे त्या घटकाला त्याच्या दुसऱ्या सर्वांत चांगल्या कामात जे मिळाले असते ते. प्रत्यक्ष मिळणाऱ्या मोबदल्यातून हे बदली उत्पन्न वजा केले की उरतो तो आर्थिक खंड. आमच्याकडच्या गुऱ्हाळावर चुलाणाजवळ उभा राहून काहिलीतल्या रसाचा पाक नेमका ओळखणारा गुळव्या असतो. त्याला दिवसाला 1,200 रुपये मिळतात आणि गुऱ्हाळ सोडले तर दुसऱ्या कामात 500 रुपयेच मिळतील असे समजा. मग 500 रुपये हे त्याचे बदली उत्पन्न आणि 700 रुपये हा त्याच्या मोबदल्यातील खंड. हा खंड कायमचा असेलच असे नाही, कारण पुरेसे तरुण ते काम शिकले तर तो हळूहळू झिजतो. म्हणूनच अशा तात्पुरत्या वाढाव्याला अर्थशास्त्रज्ञ मार्शलने आभासी खंड असे वेगळे नाव दिले. जमिनीचे मात्र तसे नसते. जमीन कोणी शिकून तयार करू शकत नाही.

आता जमिनीकडे वळू. करवीर किंवा हातकणंगले तालुक्यातले एखादे गाव डोळ्यांसमोर आणा, जिथे तीन प्रकारच्या जमिनी आहेत: नदीकाठची मळीची, गावाजवळची मध्यम खोलीची काळी आणि वरच्या बाजूची मुरमाड माळाची. तिन्हींना उपशाचे पाणी मिळते असे धरू. एकरी ऊस पिकवण्याचा खर्च तिन्हीकडे सारखाच, म्हणजे 1,05,000 रुपये धरतो. त्यात बेणे, खते, मशागत, पाणीपट्टी, भांडवलावरचे व्याज, घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी आणि शेतकऱ्याचा नेहमीचा नफा हे सगळे आले. फक्त जमिनीचा मोबदला आलेला नाही. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 3,200 रुपये हाती येतात असे धरू. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष दर साखर उताऱ्याप्रमाणे बदलतो. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये होती आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते.

मळीच्या जमिनीत एकरी 55 टन, काळीत 45 टन आणि माळावर 35 टन ऊस निघतो. दर 3,200 असताना मळीला 1,76,000, काळीला 1,44,000 आणि माळाला 1,12,000 रुपये येतात. खर्च वजा केला की मळीवर 71,000, काळीवर 39,000 आणि माळावर 7,000 रुपये उरतात. मळी आणि काळी यांतला फरक 32,000 रुपयांचा आहे आणि तो बरोबर दहा टनांच्या किमतीएवढा आहे. मळीच्या मालकाने जास्त कष्ट केले म्हणून हे 32,000 रुपये आले नाहीत. खर्च तर दोघांनी सारखाच केला आहे. एकाच दराने विकला जाणारा माल कमी-जास्त सुपीक जमिनीतून आला, एवढेच त्यामागचे कारण आहे. यालाच भेदात्मक खंड म्हणतात. 1817 मध्ये रिकार्डोने हा विचार सविस्तर मांडला, तेव्हा इंग्लंडमध्ये 1815 च्या धान्य कायद्यामुळे परदेशी गव्हावर बंधने होती, आणि धान्याच्या चढ्या भावाचा फायदा अखेर कोणाच्या पदरात पडतो हा तिथला ज्वलंत प्रश्न होता.

तुमची अडचण इथूनच सुरू होते. रिकार्डोच्या मते लागवडीखाली असलेली सर्वांत निकृष्ट जमीन फक्त खर्च भरून काढते आणि तिच्यावर काहीच उरत नाही. आमच्या उदाहरणात मात्र माळावर 7,000 रुपये उरले आहेत. तर मग दर टनाला 3,000 रुपये झाला तर काय होईल ते पाहा. माळावरच्या 35 टनांचे 1,05,000 रुपये येतील, म्हणजे खर्च बरोबर भरून निघेल. रिकार्डोची सीमांत जमीन हीच, असे आपण म्हणू. पण माळाचा मालक 3,000 च्या दराने ऊस लावणारच नाही, कारण त्याच जमिनीत भुईमूग किंवा सोयाबीन केले तर सगळा खर्च जाऊन त्याला एकरी 7,000 रुपये उरतात. त्याला उसात ठेवायचे असेल तर निदान 7,000 रुपये मिळालेच पाहिजेत आणि त्यासाठी टनाला 3,200 रुपये दर हवा. माळाच्या जमिनीचे हे 7,000 रुपये म्हणजे उसाच्या दृष्टीने तिचे बदली उत्पन्न आहे. गावात माळालाही खंड पडतो तो यामुळे. ऊस हे एकच पीक असते तर माळाला खंड मिळाला नसता. दुसरी पिके त्या जमिनीवर टपून बसलेली असतात, म्हणून तो मिळतो.

आता तिन्ही जमिनींचा पूर्ण हिशेब मांडता येतो. भुईमूग-सोयाबीनसारख्या भुसाराच्या पिकांत मळीला एकरी 20,000, काळीला 13,000 आणि माळाला 7,000 रुपये उरतात असे धरू. मळीवर उसातून उरलेल्या 71,000 पैकी 20,000 हे बदली उत्पन्न आणि 51,000 हा आर्थिक खंड. काळीवरच्या 39,000 पैकी 13,000 बदली उत्पन्न आणि 26,000 खंड. माळावरचे 7,000 हे सगळेच बदली उत्पन्न, खंड शून्य. उसाच्या बाजूने पाहिले तर रिकार्डोचे म्हणणे पुन्हा खरे ठरते: सीमांत जमिनीला खंड नाही. फक्त तिचा खर्च मोजताना, ती दुसऱ्या पिकाकडून ओढून आणण्याची किंमतही धरावी लागते.

मग जमिनीचा सगळा मोबदला हा खंडच असतो, हे विधान कुठे बसते? त्यासाठी पाहण्याची बाजू बदलावी लागते. उसाला, भुईमुगाला किंवा सोयाबीनला म्हणजे एकेका पिकाला जमीन कमी-जास्त मिळू शकते. म्हणून एका पिकाचा पुरवठा वक्र डावीकडून उजवीकडे चढत जातो. त्या वक्राच्या खालचे क्षेत्र म्हणजे बदली उत्पन्न आणि वक्र व किमतीची रेषा यांच्यामधले क्षेत्र म्हणजे खंड. पण गावाची सारी जमीन एकत्र घेतली तर ती दर वाढला म्हणून वाढत नाही आणि दर पडला म्हणून कुठे निघून जात नाही. तिचा पुरवठा वक्र उभा असतो आणि त्याच्या डावीकडे किमतीच्या रेषेपर्यंतचे सगळे क्षेत्र खंडच असते. जमीन शेतीत राहावी म्हणून शेतीने तिला काहीही देण्याची गरज नसते, म्हणजे तिचे बदली उत्पन्न शून्य. मळीच्या एकरावरचे 71,000 रुपये समाजाच्या दृष्टीने पूर्णपणे खंड आहेत. उसाच्या दृष्टीने त्यातले 51,000 खंड आहेत. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परीक्षेत तुमचे गुण जातात ते एका बाजूची व्याख्या लिहून दुसऱ्या बाजूची आकृती काढल्यामुळे, हे मी दरवर्षी पाहतो.

बाजू आणखी बदलता येते. तेच मळीचे शेत शहराच्या हद्दीला लागून असेल तर शेती म्हणून असलेल्या वापरालाही पर्याय निर्माण होतो, तो म्हणजे बिगरशेती प्लॉट. मग शेतीच्या दृष्टीने त्या जमिनीचे बदली उत्पन्न एकदम वर जाते आणि उसातून निघणारे 71,000 त्यापुढे अपुरे पडतात. कोल्हापूरच्या आसपास उत्तम पिकणारी जमीन प्लॉटखाली गेलेली दिसते तिथे जमिनीची सुपीकता कमी झालेली नसते. तिच्यावरचा दुसरा दावा मोठा झालेला असतो.

आता किमतीचा प्रश्न. खंडामुळे धान्य महाग होत नाही, धान्य महाग असते म्हणून खंड मिळतो, हा रिकार्डोचा निष्कर्ष आजही समाजाच्या बाजूने खरा आहे. उसाचा दर 3,200 वरून 3,500 झाला असे समजा. मळीवर 87,500, काळीवर 52,500 आणि माळावर 17,500 रुपये उरतील. शिवाय आतापर्यंत फक्त गवत कापण्यापुरते वापरले जाणारे, एकरी 30 टनच देऊ शकणारे, बदली उत्पन्न जवळजवळ शून्य असलेले रान आता खर्च भागवून उसाखाली येईल, कारण 30 टनांचे बरोबर 1,05,000 रुपये होतात. सीमा खाली सरकली आणि वरच्या प्रत्येक जमिनीचा खंड वाढला. खर्चात काडीचाही बदल झाला नव्हता. आधी दर वाढला आणि मागून खंड वाढला. उलट, मळीच्या मालकाने खंड दुप्पट मागितला म्हणून उसाचा दर वाढत नाही, कारण दर ठरतो तो सीमेवरच्या जमिनीच्या खर्चावर आणि मागणीवर. मालकाने खंड वाढवला तर कसणाऱ्याचा वाटा घटेल, टनाचा दर तोच राहील.

पण एका पिकाच्या बाजूने पाहिले की अर्धे उत्तर बदलते आणि पाठ्यपुस्तके इथे फार घाईने पुढे जातात. भुईमुगाला चांगला भाव आला आणि माळावर त्यातून 7,000 ऐवजी 14,000 रुपये उरू लागले तर काय होईल? माळाला उसात ठेवण्यासाठी आता टनाला 3,400 रुपये हवेत. ते मिळाले नाहीत तर माळावरचा ऊस कमी होईल आणि उसाचा पुरवठा आटेल. म्हणजे बदली उत्पन्न हा उसाच्या खर्चाचा खराखुरा भाग आहे आणि तो किमतीत शिरतो. त्यावरचा जो आर्थिक खंड आहे, तो किमतीत शिरत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे नेमके उत्तर हेच आहे: जमिनीला दिलेल्या पैशातला जो भाग काढून घेतला असता जमीन दुसऱ्या पिकाकडे वळेल, तो किमतीत धरायचा, जो भाग काढून घेतला तरी जमीन जागची हलणार नाही, तो धरायचा नाही. कोणत्याही उदाहरणात ही एकच कसोटी लावून पाहा. या कसोटीमुळेच शुद्ध खंडावरचा कर दुसऱ्यावर ढकलता येत नाही असे म्हणतात. मळीच्या 51,000 पैकी 30,000 कर म्हणून घेतले तरी मालक ऊसच लावेल, कारण एकूण 71,000 मधून उरलेले 41,000 भुसाराच्या 20,000 पेक्षा जास्तच आहेत.

तुमच्या गावात मोजला जाणारा खंड मात्र या पुस्तकी खंडाशी जुळेलच असे नाही आणि त्यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत. गावात खंडाने किंवा फाळ्याने जमीन करायला घेताना जी रक्कम ठरते तो करारातला खंड असतो. मळीचा एकर घेणारा शेतकरी आपली मजुरी आणि नफा सोडून फार तर 71,000 देऊ शकतो आणि मालक 20,000 च्या खाली उतरणार नाही, कारण तेवढे त्याला दुसऱ्या पिकातून मिळतात. रक्कम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडते आणि ती कोणत्या टोकाकडे झुकेल हे जमीन मागणारे किती आहेत यावर ठरते. मागणारे पुष्कळ आणि जमीन थोडी असेल तर ती 71,000 च्या जवळ जाते. कधी त्याच्याही वर जाते, कारण दुसरे काम नसलेले घर आपल्या कष्टाची मजुरी पूर्ण धरत नाही आणि ती मजुरीच खंड म्हणून मालकाच्या हाती देते. माझ्या दृष्टीने हा या विषयातला सर्वांत दुखरा भाग आहे, कारण कागदावर जो खंड दिसतो तो प्रत्यक्षात त्या घरातल्या बायाबापड्यांच्या भांगलणीचा रोज असतो.

करारातल्या खंडात दुसरीही एक भेसळ असते. मालकाने विहीर पाडली असेल, पाइपलाइन टाकली असेल किंवा जमीन सपाट करून घेतली असेल तर खंडाच्या रकमेतला काही भाग त्या भांडवलावरचे व्याज आणि झीज असतो. रिकार्डो खंड मानत होता तो जमिनीच्या मूळच्या, न संपणाऱ्या शक्तींसाठी दिलेला मोबदला. एकरी 60,000 खंड असेल आणि त्यात पाइपलाइनचे वर्षाचे 12,000 रुपये असतील तर आर्थिक खंडाच्या हिशेबात 48,000 च घ्यायचे. शिवाय शक्ती न संपणाऱ्या आहेत हे गृहीतकही आपल्या जिल्ह्यात जपून वापरावे लागते. शिरोळ तालुक्यात भारी काळ्या जमिनींना वर्षानुवर्षे अतिपाणी दिल्याने आणि निचरा न झाल्याने पुष्कळ शेते क्षारपड झाली. एके काळी वरच्या दर्जाची असलेली जमीन सीमेच्याही खाली गेली. भूमिगत निचऱ्याचे सच्छिद्र पाइप घालून ती पुन्हा पिकवता येते, पण मग तिच्यावर वाढलेल्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या पाइपांवरच्या खर्चाचा मोबदला असतो, खंड नव्हे.

आता मोजणीतल्या एका मोठ्या चुकीकडे येतो, कारण ती आपल्याच मुलखात घडली आणि तिच्यातून भेदात्मक खंडाचा अर्थ फार चांगला कळतो. 1820 च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी करून सारा बसवला. रिकार्डोचा सिद्धांत समोर ठेवून त्याने प्रत्येक जमिनीचे एकूण उत्पन्न काढले, त्यातून लागवडीचा सगळा खर्च वजा केला आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा धरला. विचार तर्कशुद्ध होता, पण ही पद्धत कोलमडली. उत्पन्न आणि खर्च यांचे आकडेच विश्वसनीय नव्हते आणि भावही घसरले. सारा इतका जड झाला की लोकांनी जमिनी टाकून दिल्या. नंतर 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली. त्यांनी निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद सोडला. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीची नऊ प्रतींत विभागणी केली, पहिल्या प्रतीला सोळा आणे धरून शेवटच्या प्रतीला दोन आणे, आणि साऱ्याची एकूण पातळी मागचा अनुभव, बाजाराची सोय आणि पाऊसमान पाहून वेगळी ठरवली.

पहिली पद्धत का फसली आणि दुसरी का टिकली हे आमच्या तीन जमिनींवरूनच दाखवता येते. एकरी 1,05,000 खर्चातले घरच्या मजुरीचे 20,000 रुपये धरायचे राहून गेले असे समजा. मग मळीवर 71,000 ऐवजी 91,000, काळीवर 39,000 ऐवजी 59,000 आणि माळावर 7,000 ऐवजी 27,000 रुपये उरल्याचे दिसेल. याच्या 55 टक्के सारा बसवला तर माळावर 14,850 रुपये द्यावे लागतील, जेव्हा तिथे खरा उरलेला पैसा फक्त 7,000 आहे. माळाचा शेतकरी जमीन टाकून देईल. पण तीन जमिनींमधले फरक पाहा: मळी आणि काळी यांत 32,000, काळी आणि माळ यांतही 32,000, चूक करण्याआधी आणि नंतरही तेवढेच. सगळ्या जमिनींना सारखीच लागणारी चूक फरकातून आपोआप वजा होते. म्हणून जमिनींची एकमेकींशी तुलना भरवशाची असते आणि एकट्या जमिनीचा निव्वळ खंड काढणे अवघड असते. भेदात्मक खंडात 'भेद' या शब्दाला एवढे वजन आहे ते यासाठी. सातबाऱ्यावर आजही रुपये-पैशांत जो 'आकार' लिहिलेला दिसतो, तो अशाच प्रतवारीच्या परंपरेतून आलेला आहे.

या सगळ्या हिशेबाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. मी भुसाराचे 20,000, 13,000 आणि 7,000 स्थिर धरले. प्रत्यक्षात बरीच जमीन एकदम भुईमुगातून उसाकडे गेली तर भुईमुगाचा पुरवठा घटून त्याचा भाव चढेल आणि बदली उत्पन्नच वाढेल. एक-दोन शेतांपुरता हिशेब करायचा असेल तर ते स्थिर धरणे चालते. साऱ्या जिल्ह्याचे पीक बदलण्याचा विचार करायचा असेल तर चालत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे माळाचे भुईमुगातले 7,000 आले कुठून? तेही भेदात्मकच आहेत. भुईमुगाची सीमा जिथे आहे, म्हणजे भुदरगड किंवा शाहूवाडीकडच्या एखाद्या डोंगरउतारावर जिथे ते पीक जेमतेम खर्च भागवते, तिथल्यापेक्षा आमच्या माळावर जेवढे जास्त पिकते त्याचे ते पैसे आहेत. एका पिकाचे बदली उत्पन्न हा दुसऱ्या पिकाचा भेदात्मक खंड असतो. ही साखळी धरून खाली उतरत गेलात तर शेवटी ज्या जमिनीवर कोणतेच पीक खर्चाच्या वर काही देत नाही तिथे पोहोचता, आणि तिचा मोबदला शून्य आहे हे रिकार्डोने म्हटलेच होते. तुमच्या गावचा माळ त्या जमिनीपेक्षा बऱ्याच पायऱ्या वर आहे, म्हणून त्याला खंड पडतो.